हप्ता भरायला सात दिवसांचं लोन ॲप घेतलं, तिथूनच घात झाला

मी लातूरचा, मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम म्हणून आहे. पगार १९ हजार. ऑनलाइन रमीत किती गेले ते इथं उगाळत बसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आन पैशाचे गेम बंद झाले, पण तोवर माझ्या डोक्यावर तीन जणांची देणी बसली होती आन गेम बंद झाला म्हणून हप्ते काय थांबत नाहीत. एका फायनान्स कंपनीचे १ लाख १२ हजार, हप्ता ५,२००. गावाकडच्या सावकाराचे ५० हजार, शेकडा पाचनं, म्हणजे महिन्याला २,५०० नुसतं व्याज, मुद्दल जागचं हलत नाही. आन मावसभावाचे हातउसने ३० हजार.

पहिली चूक मी ॲपच्या आधीच केली होती, आन ती लोकांना सांगाय पाहिजे. दसऱ्याच्या टायमाला मी ठरवलं की आता सगळं नीट फेडायचं, आन लाजेपोटी जो जे म्हणेल त्याला हो म्हणत गेलो. कंपनीला ५,२००, सावकाराला व्याजासकट ४,०००, भावाला ३,०००, सगळ्यांना ५ तारीख. बेरीज १२,२००. आन घरात किराणा, भाडं, पोरीची शाळा, गॅस, लाईट बिल धरून ११,५०० लागतात, म्हणजे हातात उरतात ७,५००. ही वजाबाकी मी केलीच नव्हती, दुसऱ्याच्या सौद्याच्या पट्ट्या दिवसभर करतो आन स्वतःची एक पट्टी केली नाही. ४,७०० कमी पडले ते ४ तारखेच्या रात्री कळलं, आन त्याच रात्री फोनवर ॲड आली, पाच मिनिटात लोन, कागद नको, जामीनदार नको.

लिंकवरून ॲप टाकलं. त्यानं कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज सगळ्याची परवानगी मागितली, मी दिली. ८,००० मंजूर झाले आन खात्यात पडले ४,९६०. बाकीचे प्रोसेसिंग फी म्हणून आधीच कापले. फेडायचे पूर्ण ८,०००, तेही सात दिवसात. बघा तुम्हीच, ४,९६० रुपयावर आठवड्याचे ३,०४० रुपये, म्हणजे शेकडा साठच्या वर, एका आठवड्याला. सावकार महिन्याला पाच घेतो त्याला आपण रक्तपिपासू म्हणतो.

सहाव्या दिवशी सकाळी सहालाच फोन सुरू झाले, हिंदीत, आईबहिणीवरून. त्यांनीच सांगितलं की पैसे नसतील तर २,४०० भरून सात दिवस वाढवून घे. ते २,४०० मुद्दलात धरत नाहीत हे मला भरल्यावर कळलं. मग त्याच ॲपमध्ये दुसऱ्या ॲपची लिंक दिसायची, ते घेऊन हे फेड, तिसरं घेऊन दुसरं फेड. ३८ दिवसात पाच ॲप झाले. बँकेचं स्टेटमेंट काढून नंतर हिशोब लावला, माझ्या हातात एकूण आले २७,४००, मी भरले ४६,९००, आन तरी ॲपमध्ये बाकी दाखवत होते ३१ हजार.

ऐन सोयाबीनच्या आवकीत, काट्यावर माल चालू असताना मालकांनी मला बाजूला बोलावलं आन त्यांचा मोबाईल माझ्यापुढं धरला. माझ्या पॅनकार्डावरचा फोटो, खाली हिंदीत "चोर" लिहिलेलं, आन तसलाच घाण चिकटवलेला दुसरा फोटो. मालक एवढंच म्हणले, "काय करलालास रे हे?" तोच फोटो बायकोच्या भावाला, पोरीच्या शाळेतल्या मॅडमला गेला होता. त्या रात्री माझ्या मनात नको ते विचार आले, ते लपवत नाही. बायकोनं फोन काढून घेतला आन १४४१६ लावून दिला, ती टेलिमानसची सरकारी फुकट लाईन हाय, मराठीत बोलतात. तुमच्यावर तशी रात्र आली तर आधी तो नंबर लावा, हिशोब सकाळी.

दुसऱ्या दिवशी मालकच सोबत आले. आधी सगळ्या धमक्या, नंबर, पैसे गेलेल्या यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढले, स्टेटमेंट घेतलं, मग परवानग्या बंद करून ॲप उडवले. क्रम उलटा केला तर पुरावा हातातून जातो. १९३० वर फोन, cybercrime.gov.in वर तक्रार, आन तिची प्रिंट घेऊन सायबर पोलीस ठाण्यात. व्हॉट्सअपला स्टेटस टाकलं की माझ्या नावानं फोटो येईल, तो खोटा हाय, पैसे कुणी भरू नका. घेतल्याच्या वर भरून झालं होतं, म्हणून त्यांना पुढं एक रुपया दिला नाही. दोनेक आठवडे फोन आले, मग कमी होत बंद पडले.

स्टेटमेंट बघताना एक गोष्ट ध्यानात आली. पैसे कुठल्या बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून आलेच नव्हते, कुठल्यातरी अनोळखी ट्रेडरच्या नावानं आले होते आन भरायची आयडी दर वेळी वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमात कर्जाचे पैसे बँक किंवा नोंदणी असलेल्या कंपनीच्या खात्यातूनच थेट तुमच्या खात्यात यावे लागतात, आधी एका कागदावर वर्षाचा एकूण खर्च टक्क्यात दाखवावा लागतो, आन तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो बघायला ॲपला मनाई हाय. वसुलीचे फोन पण सकाळी आठच्या आधी आन संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. माझ्याकडं यातलं एकही पाळलं गेलं नव्हतं.

मग हप्ते नव्यानं बांधले, या वेळी ७,५०० वरून खाली. आधी १,१०० बाजूला काढले, दुखणंखुपणं आन सोयऱ्याधायऱ्यांसाठी. राहिले ६,४००, तेवढेच वाटायचे.

कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज दिला, पगाराची स्लिप जोडून, की मुदत वाढवून हप्ता कमी करा. पहिल्यांदा वसुलीवाल्या पोरानं एकरकमी सेटलमेंटचं गळ घातलं, पण त्यानं सिबिलला "सेटल्ड" असा शेरा बसतो आन एकरकमी आणायचे कुठून, परत ॲपच. मॅनेजरला भेटलो. २६ महिन्यांचे ४६ झाले, हप्ता ३,४०० वर आला. व्याज एकूण २१ हजारानं वाढलं हे मला माहिती हाय, तरी घेतलं, कारण हा हप्ता पगारात बसतो. नवीन पत्रक हातात पडेपर्यंत तोंडी बोलण्यावर इसवास ठेवला नाही.

सावकाराकडं वडील आन चुलते घेऊन गेलो. १४ महिन्यात ३५ हजार व्याज गेलेलं, ते वहीत दाखवलं. त्याच्याकडं परवाना नव्हता, आन विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्थेकडं होते हे चुलत्यांनी शांतपणानं सांगितलं, भांडण केलं नाही. २,००० चे २० हप्ते, पुढं व्याज नाही, असं दोन साक्षीदारांपुढं लिहून घेतलं आन माझा सही केलेला कोरा चेक त्याच वेळी परत घेतला. कोरा चेक कुणाकडं राहिला तर कितीही रक्कम टाकून बँकेत लावता येते, म्हणून तो घेतल्याशिवाय मी उठलो नाही. रोख देत नाही, यूपीआयनंच देतो, म्हणजे नोंद राहते.

मावसभावाला खरं सांगणं सगळ्यात जड गेलं. तीन हजाराचा शब्द दिला होता तो मोडून १,००० वर आलो. तो दोन मिनिटं गप होता, मग म्हणला, "दर महिन्याला दे पण दे."

आता पगार बायकोच्या खात्यात जातो, माझ्या फोनवर यूपीआय नाही. टेलिग्रामवर सट्ट्याच्या आयडीचे मेसेज अजून येतात, ते ग्रुप तीच ब्लॉक करते. दुसऱ्या महिन्यात पोरीला ताप आला, डॉक्टर आन औषधाला ८५० लागले, ते त्या बाजूला काढलेल्या १,१०० मधून गेले. चौथा हप्ता परवा तिघांनाही पोचला.