धनतेरसला विकलेल्या फोनची वॉरंटी जुलैतच सुरू झाली होती

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोबाइलचे दुकान आहे. 2023 च्या दसऱ्याला नागपूरच्या एका घाऊक विक्रेत्याकडून मी एकाच मॉडेलचे सहा फोन घेतले, कारण नेहमीच्या वितरकापेक्षा त्याचा भाव नगामागे सातशे रुपयांनी कमी होता. बिलावर फक्त मॉडेलचे नाव आणि ‘6 नग’ एवढेच लिहिले होते. मीही ते खपवून घेतले, कारण माझ्या वहीत आयएमईआय क्रमांक चढायचा तो विक्रीच्या वेळी. माल आत येताना मी फक्त नग मोजत असे.

त्यातला एक फोन धनतेरसला एका कास्तकाराने घेतला. दहा महिन्यांनी तो चार्ज होईना, म्हणून आम्ही दोघे पक्के बिल घेऊन यवतमाळच्या सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलीने क्रमांक टाकून सांगितले की हा फोन जुलै 2023 मध्येच सुरू झालेला असून वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली आहे, आणि त्यांच्या कंपनीत वॉरंटी फोन पहिल्यांदा सुरू झाल्या तारखेपासून धरली जाते.

“डबा त तुमच्यासमोरच फोडला होता ना जी?” कास्तकार म्हणाला. डबा सीलबंदच होता, पण ते सील दुसऱ्यांदा लावलेले होते. विक्रीचे टार्गेट पूर्ण दाखवण्यासाठी काही ठिकाणी डबे उघडून फोन सुरू करतात, रीसेट करतात आणि पुन्हा पॅक करून स्वस्तात बाजारात सोडतात, हे मला त्यानंतर कळले.

विक्रेत्याला फोन केला, तर त्याचा एकच प्रश्न: “हा नग माझाच कशावरून?” त्याच महिन्यात वितरकाकडूनही तेच मॉडेल आले होते आणि कोणता क्रमांक कोणाच्या बिलातला, हे माझी वही सांगू शकत नव्हती. दुरुस्तीचे 4,600 रुपये मी भरले.

आता वहीची ओळ माल येताच सुरू होते: तारीख, पुरवठादार, बिल क्रमांक, दोन्ही सिमचे दोन आयएमईआय आणि सिरीयल नंबर. विक्री आणि वॉरंटीचा दावा त्याच ओळीत पुढे चढतो. बिलावर प्रत्येक नगाचा क्रमांक नसेल, तर मी माल उतरवून घेत नाही. डब्यावरच्या स्टिकरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कळते, त्यासाठी डबा फोडावा लागत नाही; न उघडलेल्या नगाची वॉरंटी आधीच चालू दिसली, तर काय समजायचे ते उघड आहे. विकताना ग्राहकासमोर *#06# दाबून पडद्यावरचे क्रमांक डब्याशी आणि वहीशी जुळवतो. शेवटचे चार अंक पाहून भागत नाही, पंधराही वाचावे लागतात. माझ्या अक्षरात 1 आणि 7 सारखेच दिसतात, म्हणून ते काम आता पुतण्याकडे आहे.

गेल्या खेपेला चार डब्यांपैकी एकाची वॉरंटी तीन आठवड्यांपासून चालू निघाली. टेम्पोवाला दारातच उभा होता. त्याच्याच हाती तो डबा परत पाठवला आणि बिलावरचा तो क्रमांक खोडून त्याची सही घेतली.