टक्के, किलो की मिनिटं? एसीएलच्या ऑपरेशननंतर मॅटवर कधी उतरायचं

ऑपरेशनला सात-आठ महिने झालेत, व्यायाम नेमाने चाललाय आणि दिवाळीनंतरच्या कबड्डी स्पर्धा डोळ्यांसमोर नाचतायत, अशांसाठी हे लिहितोय. लिगामेंट म्हणजे काय आणि नवीन कुठून काढून बसवतात, हे एव्हाना तुम्हाला तोंडपाठ असणार, त्यामुळे ते सोडून देतो. प्रश्न एवढाच, की उतरायचं कधी हे ठरवताना भरवसा कशावर ठेवायचा. मी सांगलीकडचा रेडर. उजवा गुडघा गेलेला. तिन्ही गोष्टी करून बघितल्या, त्याही चुकीच्या क्रमाने.

पहिली गोष्ट टक्के. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किती टक्के आली ते बघायचं. याला लिंब सिमेट्री म्हणतात, आणि 90 च्या वर गेलं की साधारण पास धरतात. एका पायावरच्या लांब उडीलाही हाच हिशेब लावतात. पद्धत सोपी आहे, कुठल्याही जिममध्ये जमते, आणि आकडा असा नेमका येतो की पुढे कोणी वाद घालत नाही. तीच तर पंचाईत.

ताकद मोजायला आमच्या फिजिओताईंकडे मोठं मशीन नव्हतं. मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायला असतो तसला लटकता डिजिटल काटा होता. टेबलाच्या पायाला मागून काटा बांधायचा, त्याचा न ताणणारा पट्टा घोट्याच्या वर अडकवायचा, गुडघा काटकोनात ठेवायचा आणि पाच सेकंद पाय पुढे रेटायचा. मध्ये मिनिटभर थांबून असं तीनदा करायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. पट्टा दर वेळी त्याच जागी हवा. दोन बोटं वर सरकला तरी किलो वाढलेले दिसतात, आणि माणूस उगाच खूष होतो.

सातव्या महिन्यात माझा डावा पाय 51 किलो आणि उजवा 47 भरला. म्हणजे 92 टक्के. उडीतही तेवढेच आले. कोच म्हणाले, “झालं की मग, अजून कशाला थांबतोस?” मलाही तेच ऐकायचं होतं. सरावाची मॅच पूर्ण 40 मिनिटं खेळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याची वाटी दिसेना इतकी सूज. तुटलं काही नव्हतं, हे माझं नशीब.

ताईंनी ऑपरेशनच्या आधीचा कागद काढला. तेव्हा डावा, म्हणजे चांगला पाय, 62 किलो रेटत होता. सात महिन्यांत तोच 51 वर आला होता. धावणं नाही, रेड नाही, बैठका निम्म्या, मग तोही वाळणारच! उजवा पाय वर चढला म्हणून 92 टक्के आले होते खरे, पण निम्मं काम डाव्याने खाली उतरून केलं होतं. जुन्या 62 शी ताडून बघितलं तर 47 म्हणजे 76 टक्के. पास झालेला मुलगा एका कागदाने नापास.

टक्क्यांवरचा माझा राग तो एवढाच, पण माझ्यापुरता तो निर्णायक ठरला. ज्याच्याशी तुलना करायची तेच खाली सरकत असेल तर त्या तुलनेला अर्थ काय? उडीचं तर विचारूच नका. मोबाइलवर संथ करून बघितलं तेव्हा कळलं, की मी सगळी उडी कंबर आणि घोट्याच्या जोरावर मारतोय आणि उतरताना उजवा गुडघा जेमतेम वाकतोय. अंतर बरोबर, गुडघा चोर.

मिनिटांची बाजू घेणारे आमच्या संघात बरेच आहेत. मॅटवर 10 मिनिटं दे, मग एक हाफ, मग तीस, मग पूर्ण. मलाही ही वाट आवडते, कारण अंदाज आणि घाई या दोन गोष्टी ताकदीच्या काट्यावर दिसत नाहीत. मागे कव्हर येतोय हे पाठीला कळणं मॅटवरच परत येतं. पण कबड्डीत घड्याळ फसवं असतं. पहिल्या 10 मिनिटांत मी चार मिनिटं बाद होऊन बाहेर बसलो होतो आणि रेड झाल्या तीन. म्हणून मी मिनिटांसोबत रेड मोजायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याच्या टेपने वाटीच्या मधोमध गुडघ्याचा घेर मोजायचा. एक सेंटिमीटरच्या वर वाढला तर मागच्या पायरीवर यायचं. पहिल्यांदा 20 मिनिटं खेळलो तेव्हा दीड सेंटिमीटर वाढला, निमूट 10 वर आलो. गावच्या स्पर्धेत एका रात्रीत दोन-तीन मॅच असतात, तिथे ही शिस्त पाळणं अवघड. “एकच रेड मार रे” म्हणणारा कोणीतरी असतोच.

मिनिटांची खरी अडचण मात्र वेगळी आहे. मांडीमागचा स्नायू दुखावला असेल तर तो ताण वाढताच कुरकुरतो, आणि आपण थांबू शकतो. तिथे मिनिटं वाढवत जाणं पुरेसं शहाणपणाचं वाटतं. एसीएल कुरकुरत नाही. पाय मॅटला रोवला, अंग फिरलं, एका क्षणात गेलं. तो क्षण तिसऱ्या मिनिटालाही येतो. म्हणजे गुडघा किती काम सोसतो हे मिनिटं सांगतात, उतरायला तयार आहे का हे सांगत नाहीत.

म्हणून माझं मत, तेही माझ्या एका गुडघ्यापुरतं, किलोच्या बाजूने झुकतं. आधी जुन्या आकड्याच्या नव्वद टक्के, मग मिनिटं. मी साडेदहाव्या महिन्यात परत मोजलं तेव्हा डावा 60, उजवा 57. आपसात 95 टक्के आणि जुन्या 62 शी 92. मिनिटांची शिडी त्यानंतर चढलो. थांबण्याच्या बाजूनेही पुरावा आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत मैदान जितके महिने लांबवलं तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने कमी दिसलं. त्यात कबड्डीवाले नव्हते. पण पायावर गर्रकन फिरण्याचे खेळ होते, तेव्हा आपल्याला लागू धरायला हरकत नसावी.

जुना आकडाच नाही, असे बहुतेक जण असतात. ऑपरेशन व्हायचं असेल तर आधी चांगला पाय मोजून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन होऊन गेलं असेल आणि महिनाच झाला असेल, तरी चांगला पाय आजच मोजा, अजून फार उतरलेला नसेल. सात महिने उलटले असतील तर चांगल्या पायालाही दुखऱ्याइतकाच व्यायाम द्या आणि दोन्ही पायांचे किलो वाढतायत का ते दर महिन्याला बघा, नुसते टक्के लिहू नका. चांगल्या पायाचा आकडा वाढायचा थांबला, की मग टक्क्यांवर थोडाफार विश्वास ठेवता येतो.

मागच्या महिन्यातले माझे आकडे: डावा 63, उजवा 61.