साखर तोट्यात विकावी, की चहाबरोबर जोडून?

तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, समोर नवा मॉल उभा राहतोय आणि गिऱ्हाईक टिकवायला काहीतरी करायला हवं. अशा वेळी दुकानदारापुढे दोन वाटा असतात. एखादी वस्तू खरेदीभावाखाली विकायची, म्हणजे लॉस लीडर, नाहीतर दोन वस्तूंचा कॉम्बो करायचा. दोन्हीकडे थोडंसं सोडून जास्त कमवायचा डाव आहे. फरक पडतो तो तोटा कुणाच्या पिशवीत जातो त्यात.

लॉस लीडरला साखर चांगली, कारण तिचा भाव घरोघरी तोंडपाठ असतो. धण्याचा भाव कमी केला तर कुणाच्या लक्षातही यायचा नाही. हिशेबासाठी आकडे धरू: साखर ४२ रुपयांना पडते, ४४ ला विकतो, ती ३९ ला लावली. प्रत्येकी दोनच किलो, नाहीतर चहाच्या टपरीवाला गोणीच उचलून नेईल.

महिन्यात २०० जणांनी ही साखर नेली. त्यातले १४० आपले जुनेच. ते एरवीही आले असते, आणि त्यांच्यामागे किलोला पाच रुपये, म्हणजे दोन किलोला दहा रुपये गेले: १४०० रुपये. नवे आले ६०. त्यातल्या २५ जणांनी चारशेचा बाकी किराणाही घेतला. त्यावर बारा टक्क्यांनी ४८ रुपये सुटले, साखरेचे सहा वजा जाता ४२. पंचवीस जणांचे १०५०. उरलेले ३५ साखर घेऊन चालते झाले, त्यांचे २१० रुपये अंगावर. महिन्याअखेर ५६० रुपयांचा खड्डा. तो भरायला साठातल्या ३७ जणांनी पूर्ण किराणा घ्यायला हवा होता. म्हणजे खरा पैसा गेला तो जुन्या गिऱ्हाइकांत, आणि नेमकं हेच दुकानदार मोजत नाही. गर्दी दिसते, गल्ला फुगतो, त्याला वाटतं योजना चालली.

आता तीच साखर चहाबरोबर. अर्ध्या किलोचा पुडा २०५ ला पडतो, २४० ला जातो. दोन किलो साखर आणि पुडा मिळून ३२८ होतात, ते ३१० ला दिले. चहा पूर्ण भावाने धरला तर साखर ३५ रुपये किलो पडली, म्हणजे ३९ हून स्वस्त. तरी खरेदी २८९ असल्याने २१ रुपये हातात राहतात. जो एरवी फक्त साखर न्यायचा, त्याच्याकडून ४ ऐवजी २१ आले, १७ वाढले. जो दोन्ही आपल्याकडूनच न्यायचा, त्याच्यावरचे ३९ घसरून २१ वर आले, १८ गेले. साधारण एकास एक. म्हणून साखरेला जोडायची वस्तू अशी निवडा, जी साखर नेणारे बहुतेक लोक तुमच्याकडून घेतच नाहीत. जुनी बिलं चाळली की हे दिसतं. तरी एक पाचर राहतेच: या महिन्यात दोन पुडे नेलेला माणूस पुढच्या महिन्यात चहाकडे फिरकत नाही, त्यामुळे एका महिन्यावरून निकाल लावू नये.

अमेरिकेतल्या कॉस्टकोकडे दोन्ही आहेत. भाजलेली अख्खी कोंबडी ४.९९ डॉलरला, तीही दुकानाच्या पार मागच्या बाजूला, म्हणजे जाता-येता सगळी मांडणी नजरेखालून जाते. शिवाय हॉटडॉग आणि थंड पेय मिळून दीड डॉलर, १९८० च्या दशकापासून तोच भाव. पण त्यांचा नफा मोठ्या अंशी सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून येतो. आपल्याकडे वर्गणी नाही आणि गिऱ्हाईक चिठ्ठी देऊन बाहेरच उभं असतं. मांडणीच नाही, तर ते मागे कुठे फिरणार?

चिठ्ठीचं दुकान असेल तर माझं मत असं: तोट्यातली साखर फक्त महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लावा. पगार झालेले असतात, पूर्ण यादी कुणाकडे टाकायची हे तेव्हा ठरतं, आणि साखरेचा भाव ते ठरवायला मदत करतो. पंधरा तारखेनंतर येणारा नुसती साखरच नेतो, तेव्हा कॉम्बो बरा. नवं गिऱ्हाईक खेचायची ताकद मात्र कॉम्बोत कमी, हे धरून चाला. दुकानात हाताने उचलून घ्यायची सोय असेल तर लॉस लीडर जास्त दिवस परवडतो.

दिवाळीच्या हॅम्परला आणखी एक गोष्ट पाहायची. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वस्तू एकाच किमतीला दिल्या की जीएसटी कायद्यात तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यातला सर्वांत जास्त दर सगळ्या पेटीला लागतो. सुकामेवा आणि मिठाईत फसफसणारं पेय घातलं, तर पेयाचा दर काजूलाही. चहा-साखरेला दोन्हीचा दर सारखाच असल्याने फरक पडत नाही. हॅम्पर करायचाच, तर पेय बाहेर ठेवा आणि त्याचं बिल वेगळं करा.