चाळीस खाटा, एक ईआरपी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव जिल्ह्यातल्या ४० खाटांच्या रुग्णालयात पेशंटचं बिल, औषधसाठा आणि उपकरणखरेदी एकाच ईआरपीवर आणून आठ महिने झाले. पाचपैकी साडेतीन गुण. बिल छापणं आणि रोजचा हिशेब चोख आहे. गुण कापले ते आयटम मास्टरसाठी, कारण तिथली एक चूक तिन्ही विभागांत फिरते आणि सिस्टम तोंडातून ब्र काढत नाही.

पॅरासिटामॉल ६५० घ्या. खरेदी स्ट्रिपने होते, वॉर्डात गोळी मोजून जाते. म्हणून मास्टरमध्ये १ स्ट्रिप = १५ गोळ्या असं भरावं लागतं. समजा डेटा भरणाऱ्यानं सवयीनं १० टाकलं. २० स्ट्रिप आल्या की कपाटात ३०० गोळ्या असतात, स्क्रीनवर २००. स्ट्रिपची एमआरपी ३० रुपये असेल तर गोळी २ रुपयांना पडायला हवी, पण बिलात ३ रुपये लागतात. म्हणजे पेशंटकडून छापील किमतीच्या दीडपट वसुली होते, आणि ती कायद्यात बसत नाही. पुढे २०० गोळ्या गेल्या की स्क्रीनवर साठा शून्य होतो, रिऑर्डरची यादी तेच औषध मागते आणि कपाटात १०० गोळ्या पडून असताना नवी ऑर्डर सुटते.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. बिलातला एका गोळीचा दर गुणिले स्ट्रिपमधल्या गोळ्या, याचं उत्तर स्ट्रिपवरच्या एमआरपीएवढं यायला हवं. नवीन आयटमच्या पहिल्याच बिलावर हा गुणाकार करून पाहावा. चूक सापडलीच तर मास्टरमधला १० खोडून १५ करू नका, आमच्या सिस्टममध्ये त्यानं जुन्या नोंदींचे आकडेही बदलतात. जुना आयटम बंद करायचा, त्याची शिल्लक शून्य करायची आणि कपाटातल्या गोळ्या मोजून बॅच व एक्स्पायरीसह नव्या आयटमवर चढवायच्या. दुसऱ्या कंपनीची तीच गोळी १० च्या स्ट्रिपमध्ये येत असेल तर तिचा आयटम वेगळाच ठेवा.

स्कीमच्या मालाचंही असंच. १०० वर १० फुकट आले आणि दर २२ रुपये असला, तर २२०० रुपयांत ११० नग मिळाले, म्हणजे नग २० रुपयांना पडला. माल-आवक नोंदीत, म्हणजे जीआरएनमध्ये, फुकट नगांचा रकाना वेगळा आहे. तो रिकामा सोडला तर ते १० नग साठ्यात येतच नाहीत, आणि जे साठ्यात नाही ते बिलाबाहेर जायला वेळ लागत नाही.

डिस्चार्जला सगळ्यात जास्त खोळंबा होतो. नातेवाइकांना गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते आणि वॉर्डातून परत आलेली औषधं अजून ट्रेमध्येच असतात. बिल आधी लॉक झालं की मग रिफंडचं लचांड मागे लागतं. म्हणून आधी वॉर्डानं परतावा टाकायचा, फार्मसीनं तो मूळ बॅचवरच स्वीकारायचा, प्रलंबित यादी रिकामी झाली की मगच बिल लॉक. सिस्टम बॅच न विचारता परतावा घेते, ही तिची खोटच. मग जवळच्या एक्स्पायरीचा माल कागदावर लांबच्या बॅचमध्ये जाऊन बसतो आणि एक्स्पायरीच्या यादीत दिसतच नाही. (इथं अर्धं गाव पाटील, त्यामुळे परतावा भलत्याच पाटलांच्या खात्यावर पडतो. नावानं शोधू नका, मोबाइल नंबर किंवा आयपीडी नंबरनं शोधा.)

उपकरणखरेदीचा भाग सगळ्यात कच्चा आहे. मागणी, कोटेशन, ऑर्डर, आवक एवढं होतं, पण व्यापाऱ्यांसाठी केलेला साचा तसाच उचलल्यासारखा वाटतो. ४०,००० रुपयांच्या सिरिंज पंपावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २,००० रुपये. सिस्टम हे २,००० आपोआप इनपुट क्रेडिटच्या खात्यात टाकते. रुग्णसेवा करमुक्त असल्यानं त्या सेवेसाठी घेतलेल्या पंपावर हे क्रेडिट मिळत नाही. पंपाची किंमत ४२,००० धरायला हवी. नाहीतर मालमत्ता कमी दिसते आणि कधीच न मिळणारं क्रेडिट ताळेबंदात साठत राहतं. मास्टरमध्ये उपकरणांच्या गटासाठी 'क्रेडिट अपात्र' ही खूण एकदा लावली की प्रश्न मिटतो, फक्त विक्रेता ती स्वतःहून दाखवत नाही.

पंप आला की सीरियल नंबरासह मालमत्ता नोंदीत घ्या, त्याच्या ट्यूब मात्र औषधांसारख्या साठ्यात. उलटं झालं तर ट्यूब पेशंटच्या बिलाला लागत नाही. वॉरंटीची तारीख सिस्टम बिलावरून उचलते. करारात ती उपकरण बसवल्यापासून मोजायची ठरली असेल, तर इन्स्टॉलेशन रिपोर्टवरची तारीख हातानं भरा, नाहीतर वार्षिक देखभालीचा करार करायची आठवण मुदतीआधीच वाजू लागते.