नाव-नंबरवर बीप: तयार सेवा की आपलाच संगणक?

सोलापुरात टॉवेल-चादरींच्या ऑर्डरी फोनवर घेणाऱ्यांपुढे हल्ली हा प्रश्न येतोच. नव्या मुलांना शिकवायला किंवा बाहेरच्या एजन्सीला कॉल ऐकवायचे, तर त्यातली गिऱ्हाइकाची नावं आणि नंबर आधी झाकायला हवेत. मी दोन्ही वाटा वापरून पाहिल्या. एक म्हणजे रेकॉर्डिंग चढवलं की बीप घालून परत देणारी इंटरनेटवरची सेवा. दुसरी म्हणजे आपल्याच संगणकावर बोलणं लिहून काढणारं व्हिस्पर चालवून मजकूर आणि शब्दागणिक वेळ काढायची, आणि तेवढा आवाज ffmpeg ने झाकायचा.

इंग्रजीत सरळ बोललेल्या कॉलला सेवा छानच. बसवणं-जुळवणं काही नाही. पण आपल्याकडे नंबर सांगतात कसा? गिऱ्हाईक म्हणतं, ‘लिहा, अठ्ठ्याण्णव’. आपला माणूस म्हणतो, ‘हं, अठ्ठ्याण्णव’. मग ‘डबल टू’, मध्येच ‘अहो थांबा, पेन घेतो’, मग ‘शून्य सात’. सलग दहा आकडे कुठं येतच नाहीत. मी घेतलेली सेवा सलग आकडेच शोधायची. गिऱ्हाइकाचे पहिले चार झाकले गेले, आणि आपल्या माणसाने शेवटी अख्खा नंबर जोड्या-जोड्यांनी वाचून दाखवला तो खणखणीत ऐकू आला. माझं मन तिथंच उठलं.

घरच्या वाटेवर नियम आपला. दोन्ही बाजूंचे आकडेशब्द एकत्र मोजायचे, ‘डबल टू’ किंवा ‘अठ्ठ्याण्णव’ म्हणजे दोन आकडे धरायचे. दोन आकड्यांमधली फट तीन-चार सेकंदांच्या आत असेल तर ते एकाच नंबरचे. असे सहा जमले की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा पट्टा झाकायचा, तोही दोन्ही चॅनलवर, कारण इकडचा आवाज तिकडच्या माइकमध्ये झिरपतो. शब्दांच्या वेळा थोड्या सरकतात, म्हणून दोन्ही टोकांना पाव-अर्धा सेकंद जास्त.

```
ffmpeg -i call.wav -af "volume=enable='between(t,41.2,52.6)':volume=0" out.wav
```

ही आज्ञा ४१.२ ते ५२.६ सेकंदांच्या पट्ट्यात नुसती शांतता देते. बीप हवा असेल तर वरून मिसळावा लागतो, आणि तो घालावाच. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, लाइन तुटली.

नियमाचा त्रासही आहे. पुढे ‘डझन’, ‘नग’ किंवा ‘रुपये’ आलं की तो आकडा सोडून द्या असं सांगावं लागतं, नाहीतर ‘दोनशे डझन’ आणि भावही पट्ट्यात जातो. तरी कधी जातोच. पण जास्त झाकलं तर ऐकणारा कुरकुरतो एवढंच.

नावांत मात्र दोन्ही वाटा कच्च्या. ‘प्रकाश’ माणूस की उजेड, हे यंत्राला नेहमी कळत नाही. मी खातेवहीतली नावं यादीत टाकली आणि ‘आपलं नाव?’ नंतरची दोन-तीन सेकंदं सरसकट झाकली.

महिन्याला मोजकेच कॉल, तेही इंग्रजीत असतील, तर सेवा घ्या, उगाच डोकेफोड नको. मराठी-हिंदी-तेलुगू मिसळ असेल, तर माझा कल संगणकाकडे. रेकॉर्डिंग झाकण्याआधी बाहेरही जात नाही. फक्त वाटण्याआधी ‘वाचून दाखवतो’ म्हटल्यानंतरचा भाग कानांनी ऐका.