एएमसी मध्येच बंद केली, आणि ४,६७० रुपयांच्या परताव्याचे १,२०३ झाले

एसी, फ्रिज किंवा वॉटर प्युरिफायरची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, मुदतीआधी रद्द केली की अनेक करारांत कंपनी उरलेल्या दिवसांचे पैसे देते. छापील अटींत त्याला ‘प्रो राटा रिफंड’ म्हणतात. फसवणूक होते ती पैसे नाकारून नाही, हिशेबात. खात्यात काहीतरी रक्कम येते, मेसेज येतो, आणि बहुतेक लोक ती बरोबर असेल असं समजून विषय सोडून देतात. आमच्या बाबतीत कंपनीने हेच गृहीत धरलं होतं. म्हणून पूर्ण हिशेब इथे मांडते आहे.

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि फेब्रुवारी २०२५ अखेर सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. मानपाड्याला भाड्याने घेतलेल्या घरात मालकाचे एसी आधीपासून होते, त्यामुळे आमचे तिन्ही स्प्लिट एसी आम्ही विकले. तिन्हींची मिळून एक एएमसी होती, १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५. बिल ८,८५० रुपयांचं: मूळ रक्कम ७,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५०. वर्षात तीन सर्व्हिस आणि मध्ये बिघाड झाला तर भेट मोफत. त्यातली एक सर्व्हिस डिसेंबरमध्ये झाली होती.

करार रद्द करण्याबद्दल अटी दोनच ओळींत होत्या. ग्राहकाची लेखी सूचना मिळाल्याच्या तारखेपासून करार संपेल. उरलेल्या मुदतीचा परतावा प्रो राटा दिला जाईल आणि परताव्याच्या रकमेतून १० टक्के रद्द शुल्क कापलं जाईल. मी २८ फेब्रुवारीला ईमेल केला. मार्चमध्ये मेसेज आला, ‘रिफंड १,२०३ रुपये मंजूर’.

मी फोन करून हिशेब लेखी मागितला. सुरुवातीला ‘सिस्टीम आपोआप काढते मॅडम’ एवढंच उत्तर मिळत राहिलं. ईमेलवर मागितल्यावर एक छोटा तक्ता आला. तो मिळाला नसता तर पुढचं काहीच करता आलं नसतं. नुसत्या रकमेवर वाद घालता येत नाही, तिच्यामागच्या प्रत्येक वजाबाकीवर घालता येतो. तक्त्यात लिहिलं होतं: मूळ किंमत ७,५००, वापर ६ महिने, शिल्लक ६ महिन्यांचे ३,७५०. त्यातून रद्द शुल्क ७५० वजा. त्यातून ‘घेतलेली सर्व्हिस’ ५९९ प्रमाणे तीन एसींचे १,७९७ वजा. बाकी १,२०३.

आधी बरोबर हिशेब करू. ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून १५१ दिवस वापरले. उरले २१४. भरलेले ८,८५० भागिले ३६५ गुणिले २१४ म्हणजे ५,१८८ रुपये ७७ पैसे. त्याचे १० टक्के, ५१८ रुपये ८८ पैसे, कापले की ४,६६९ रुपये ८९ पैसे राहतात. तक्त्यातली रक्कम याच्या जवळपासही नव्हती.

सगळ्यात मोठा घोळ सर्व्हिसच्या १,७९७ रुपयांचा होता आणि तोच सगळ्यात सहज पचून जातो, कारण ऐकायला रास्त वाटतो. सर्व्हिस तर घेतली होती, मग तिचे पैसे कापले तर चुकलं काय? चूक अशी, की ती सर्व्हिस ज्या पाच महिन्यांत झाली त्या पाच महिन्यांचे पैसे कंपनीने दिवसांच्या हिशेबात आधीच ठेवून घेतले आहेत. ते पैसे कशाबद्दल होते? त्याच सर्व्हिसबद्दल आणि त्या काळातल्या बिघाडाच्या हमीबद्दल. म्हणजे एकाच सर्व्हिसचे पैसे दोनदा घेतले. वापर मोजायचा तर एकाच मापाने मोजावा लागतो, एकतर गेलेल्या दिवसांनी किंवा घेतलेल्या सेवेने. सेवेनेच मोजायचा म्हटलं असतं, तर ८,८५० मधून १,७९७ वजा जाऊन ७,०५३ रुपये उरले असते आणि त्यातून शुल्क कापलं गेलं असतं. ते आम्हाला फायद्याचं होतं, पण अटींत प्रो राटा लिहिलं होतं, म्हणून मी दिवसांचाच हिशेब मागितला. मी हे लिहून पाठवल्यावर कंपनीकडून आलेल्या उत्तरात या मुद्द्याला हातच लावलेला नव्हता. उत्तर टाळलं गेलं की आपण नेमक्या जागी बोट ठेवलंय असं मी समजते.

दुसरी गडबड महिन्यांची. ईमेल २८ फेब्रुवारीचा, पण त्यांच्या सिस्टीममध्ये विनंती ‘अप्रूव्ह’ झाली १२ मार्चला, आणि सुरू झालेला महिना पूर्ण वापरला असं धरून सहा महिने लावले. अटींत तारीख लेखी सूचनेची होती, त्यांच्या मंजुरीची नव्हती, आणि अख्खा महिना धरण्याची अट कुठेही नव्हती. या एका उडीने करासह सुमारे ७६४ रुपये गेले. रद्द करण्याची सूचना नुसत्या फोनवर दिली असती तर ही तारीख सिद्धच करता आली नसती. म्हणून ईमेल करा आणि तो पोहोचल्याचं उत्तर किंवा तक्रार क्रमांक जपून ठेवा.

जीएसटीबद्दल मला ठामपणे सांगण्यात आलं, ‘तो सरकारकडे भरला, परत येत नाही.’ हे खरं नाही, आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की ऐकणारा गप्प बसतो. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार बिलात लावलेली रक्कम किंवा कर प्रत्यक्ष देय रकमेपेक्षा जास्त ठरला, तर विक्रेता क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचं पत्र, काढू शकतो आणि आपलं करदायित्व तेवढं कमी करू शकतो. त्याला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षातला व्यवहार, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंत. आमचं बिल ऑक्टोबर २०२४ चं, म्हणजे २०२४-२५ या वर्षातलं. मार्च २०२५ मध्ये ती मुदत संपायला अजून आठ महिने होते. न दिलेल्या सेवेवरचा कर कंपनीने आपल्या दायित्वातून कमी करून घ्यायचा आणि आम्हाला मात्र द्यायचा नाही, हे चालणार नाही असं मी कलमासकट लिहिलं. त्यांच्या ३,७५० वरसुद्धा ६७५ रुपये कर होतो.

उरलं शुल्क. अटींत १० टक्के परताव्याच्या रकमेवर होते, त्यांनी पूर्ण कराराच्या किमतीवर लावले. ७५० आणि ५१९ मधला फरक २३१ रुपये. रक्कम लहान आहे, पण वर्षातले दहा महिने संपल्यावर कोणी रद्द केलं तर याच पद्धतीने परतावा अर्ध्याहून अधिक खाल्ला जाईल. ७६४, १,७९७, ६७५ आणि २३१ यांची बेरीज ३,४६७ होते, आणि ४,६७० मधून १,२०३ वजा केले तरी तेवढेच येतात. आपला हिशेब असा पैशापैशाला जुळला की समोरच्याला ‘काहीतरी गैरसमज झालाय’ म्हणता येत नाही.

अटी सगळीकडे आमच्यासारख्या नसतात, हेही सांगते. काही करारांत टप्पे असतात: तीन महिन्यांच्या आत इतके टक्के परत, सहा महिन्यांच्या आत इतके. तिथे दिवसांचा हिशेब चालत नाही, पण सूचनेची तारीख आणखी महत्त्वाची होते, कारण दोन दिवसांच्या उशिराने पुढचा टप्पा लागतो. काही ठिकाणी ‘एकदा सेवा घेतली की परतावा नाही’ असंच छापलेलं असतं. तिथे प्रो राटाचा आग्रह धरता येत नाही. ती अट अवाजवी आहे एवढंच मांडता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अनुचित कराराची व्याख्या आहे, पण अट अशी आहे की नाही, हे ग्राहक आयोगाकडूनच ठरवून घ्यावं लागतं.

आमच्याकडे त्यांनी शेवटी आणखी एक प्रयत्न केला. फोन आला, ‘लिंक पाठवलीय, ओके करा, आजच पैसे जमा होतील.’ लिंक उघडली तर खाली बारीक अक्षरांत ‘पूर्ण व अंतिम रक्कम म्हणून मान्य’ असं होतं. मी ओके केलं नाही. खात्यात १,२०३ आलेच तेव्हा त्याच दिवशी लिहून कळवलं, की ही रक्कम अंशतः, हरकत कायम ठेवून स्वीकारली आहे आणि ३,४६६ रुपये ८९ पैसे येणे बाकी आहेत. त्याच हिशेबासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिचा क्रमांक कंपनीला कळवल्यानंतर प्रकरण कॉल सेंटरवरून वरच्या माणसाकडे गेलं आणि बाकी रक्कम जमा झाली. सोबत क्रेडिट नोट आली, तीत ३,९५७ रुपये ५३ पैसे मूळ आणि ७१२ रुपये ३६ पैसे कर असं वेगळं दाखवलेलं होतं. क्रेडिट नोट जरूर मागा. परताव्यात कर धरला की नाही, ते तिच्यात एका नजरेत दिसतं.

आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं प्रकरण अजून चालू आहे आणि ते वेगळ्या धर्तीचं आहे. ते पुण्याला मुलाकडे जाणार म्हणून त्यांनी फ्रिज विकला. फ्रिजवर कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आणि वर दुकानातून ४,२०० रुपयांना घेतलेली दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी. खरेदीला नऊ महिने झाले होते. दुकानाने २४ पैकी ९ महिने वापरले असं धरून २,६२५ रुपये देऊ केले. पण एक्स्टेंडेड वॉरंटी सुरू होते ती मूळ वॉरंटी संपल्यावर, तेराव्या महिन्यापासून. काकांच्या प्रमाणपत्रावर तशी सुरुवातीची तारीख स्पष्ट छापलेली आहे. नऊ महिन्यांत तिचा एक दिवसही वापरला गेला नव्हता, बिघाड झाला असता तर तो मूळ कंपनीनेच दुरुस्त करून दिला असता. काकांनी ४,२०० मधून अटींतलं शुल्क सोडून बाकी सगळे मागितले आहेत. दुकानदार ‘पैसे घेतल्याच्या तारखेपासूनच मोजतो’ म्हणतोय आणि तसं लिहून द्यायला मात्र तयार नाही. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. काकांनी प्रमाणपत्र, बिल आणि रद्द करण्याचा ईमेल यांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. या महिन्यात दुकानाकडून लेखी उत्तर आलं नाही, तर ते तक्रार दाखल करणार आहेत.