चेक बाऊन्स झाला आणि मी तीस दिवस थांबलो

एका क्लासचालकाला मी बाके आणि टेबले बनवून दिली. अॅडव्हान्स मिळाला होता, बाकी 3,20,000 रुपयांचा 4 मार्चचा चेक होता. 7 मार्चला चेक परत आला, सोबत बँकेचा रिटर्न मेमो, त्यावर ‘फंड्स इनसफिशियंट’. फोन केला तर म्हणाला, "दादा, फी जमा व्हायची आहे. एवढे वीस दिवस सांभाळून घ्या, तुमचा एक रुपया ठेवणार नाही." मी थांबलो. वीस दिवसांनंतर आणखी दहा दिवस मागितले, तेही दिले. 10 एप्रिलपासून त्याने फोन उचलणेच बंद केले.

वकीलसाहेबांकडे गेलो, तेव्हा कळले की तो वेळ उगाच काढत नव्हता. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचे कलम 138 तसे सांगते. माझी मुदत 6 एप्रिललाच संपली होती.

वाचलो ते एका गोष्टीमुळे. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो आणि त्या काळात पुन्हा भरता येतो. तो पुन्हा परत आला तर नोटिशीचे 30 दिवस नव्याने मिळतात. त्याच आठवड्यात त्याचा निरोप आला, "पन्नास हजार रोख देतो, चेक मात्र आत्ता भरू नका." मी घ्यायला निघालो होतो. साहेबांनी थांबवले. चेक भरण्याआधी थोडी रक्कम घेतली आणि तिची नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर देणे आणि चेकचा आकडा जुळत नाही आणि तेवढ्यावरून केस पडू शकते. म्हणून पैसे न घेता 20 एप्रिलला चेक भरला. 22 तारखेला परत आला, या वेळी शेरा होता ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर’. पेमेंट थांबवले म्हणून कोणी सुटत नाही, खात्यात पैसे नसताना थांबवले असेल तर हेच कलम लागते.

नोटीस मीच लिहून नेली होती. त्यात व्याज, वाहतूक, वकिलाची फी मिळवून 3,61,000 रुपये मागितले होते. साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला. मागणी नेमकी चेकच्या रकमेची, 3,20,000 रुपयांचीच हवी. आकड्याची चूक, अगदी टायपिंगची असली तरी, नोटीस निकामी करते. 30 एप्रिलला नोटीस स्पीड पोस्टाने गेली. 4 मेला पाकीट परत निघाले, पोस्टमनचा शेरा ‘घेण्यास नकार’. मला वाटले, झाले, नोटीस पोचलीच नाही! पण पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे पोचल्यासारखेच. ते पाकीट आम्ही फोडले नाही, तसेच सीलबंद कोर्टात दिले.

पुढे 15 दिवस त्याला पैसे द्यायला मिळतात. ते 19 मेला संपले. त्याआधी तक्रार केली तर कोर्ट दखल घेत नाही आणि 20 मेपासून महिन्याच्या आत ती केलीच पाहिजे. आम्ही 2 जूनला माझ्या बँकेची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे तक्रार दाखल केली. मूळ चेक, दोन्ही मेमो, नोटीस, पोस्टाची पावती, बिल, सगळे जोडले.

चार तारखा तो आलाच नाही. जामीनपात्र वॉरंट निघाल्यावर आला आणि म्हणाला, "चेक सिक्युरिटी म्हणून दिला होता, माल आलाच नाही." सही त्याची असल्याचे मान्य झाले की चेक देणे फेडण्यासाठीच दिला असे कोर्ट धरून चालते, उलटे दाखवणे त्याच्यावर असते. उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी मला अर्धा तास ‘माल कुणी उतरवून घेतला’ यावर धरले. डिलिव्हरी चलनावर त्याच्या क्लासच्या शिपायाची सही आणि शिक्का होता, म्हणून तग धरला. ते चलन मी जवळजवळ रद्दीत टाकले होते.

त्याने गुन्हा नाकबूल केला, तेव्हाच आम्ही अंतरिम भरपाईचा अर्ज दिला होता. ती चेकच्या रकमेच्या जास्तीत जास्त 20 टक्के मिळते, पण द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर असते. आम्हाला 64,000 रुपये मंजूर झाले आणि त्याला 60 दिवसांत भरावे लागले. त्यानंतर तडजोडीचा निरोप आला.

उरलेल्या 2,56,000 साठी त्याने तीन नवे चेक पुढे केले आणि म्हणाला, "भाऊ, आता केस काढून घ्या." मी घेतले नाहीत. तडजोड होऊन केस मिटली की जुनी तक्रार पुन्हा उभी राहत नाही, नवा चेक परत आला तर नोटिशीपासून सगळे पुन्हा करावे लागते. आम्ही अटी लिहून कोर्टात दिल्या, डिमांड ड्राफ्टचे तीन हप्ते, आणि शेवटचा जमा झाल्यावरच केस मिटवायची. दोन वर्षांचे व्याज मी सोडले. तिसरा ड्राफ्ट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, त्यानंतरच्या तारखेला मी तडजोडीवर सही केली.